घरातल्या बोलक्या यंत्राला हाक मारायचं नाव: माणसांच्या नावांत न मिसळणारं कसं शोधायचं

‘आले का सगळे?’ हे वाक्य घाईत म्हणून बघा. सुरुवातीच्या तीन-चार अक्षरांत ‘अ‍ॅलेक्सा’ जवळजवळ पुरती ऐकू येते. ‘ऐका हो’मध्ये ‘एको’ दडलेला आहे, ‘हे शिरीषचं आहे’मध्ये ‘हे सिरी’ आणि ‘हे जरा विसळून ठेव’मध्ये ‘हे जार्विस’. ही सगळी हाकेची नावं इंग्रजी बोलणाऱ्या घरांना समोर ठेवून ठरवलेली आहेत. आपल्या घरात दिवसभर जे बोललं जातं, ज्या हाका मारल्या जातात, त्यांच्याशी ती ताडून पाहिलेली नाहीत. ते काम आपल्यालाच करावं लागतं. नीट केलं तर एका शनिवार-रविवारात उरकतं.

आधी यंत्र काय ऐकतं ते समजून घेऊ, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. हाक ओळखणारा भाग अगदी छोटा असतो. त्याला शब्द कळत नाहीत, अर्थ तर नाहीच. ओपनवेकवर्ड ही मुक्त प्रणाली घ्या: ती आवाजाचे ८० मिलिसेकंदांचे तुकडे घेते आणि आत्ता कानावर पडलेला आवाज ठरलेल्या हाकेशी किती जुळतो, याला प्रत्येक वेळी ० ते १ मधला गुण देते. गुण ठरलेल्या उंबरठ्यापुढे गेला की यंत्र जागं होतं. म्हणजे ‘हे माझं नाव आहे का’ हा प्रश्न तिथे नसतोच. ‘हा आवाज माझ्या नावासारखा आहे का’ एवढंच तपासलं जातं. जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या आणि माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये अशी चुकीने जागं करणारी हजाराहून अधिक शब्दरूपं गोळा केली. ‘अ‍ॅलेक्सा’ला उठवणाऱ्या शब्दांत ‘अनअ‍ॅक्सेप्टेबल’ आणि ‘इलेक्शन’ होते. कागदावर या शब्दांत आणि अ‍ॅलेक्सात फारसं साम्य दिसत नाही, ते फक्त कानाला जाणवतं.

आधी बघा, तुमच्या यंत्रात नाव बदलता येतं का

अ‍ॅमेझॉनच्या एको स्पीकरमध्ये मनाचं नाव ठेवता येत नाही. ठरलेल्या यादीतलं एक निवडावं लागतं. अ‍ॅलेक्सा, अ‍ॅमेझॉन, एको, कॉम्प्युटर आणि २०२१ पासून झिगी अशी ही यादी आहे. तुमच्या अ‍ॅपमध्ये यांपैकी जी दिसतील तीच तुमच्या हातात. बदल अ‍ॅलेक्साच्या अ‍ॅपमध्ये त्या स्पीकरच्या सेटिंग्जमधून, `Wake Word` या ओळीवर करायचा. मराठी घरासाठी माझं मत सांगायचं तर ‘एको’ सगळ्यांत वाईट. उच्चाराचे दोनच ठोके, दोन्ही स्वरांवर संपणारे, आणि ‘ऐक हो’, ‘एक हो’, ‘एकोणीस’ अशी रांगच त्याच्या मागे उभी. दर आठवड्याला पार्सल येणाऱ्या घरात ‘अ‍ॅमेझॉन’ नको. मुलांचा अभ्यास किंवा कुणाची नोकरी संगणकाभोवती फिरत असेल तर ‘कॉम्प्युटर’ नको. ‘झिगी’ मराठी बोलण्यात सहसा येत नाही, पण घरात जिजी, जिगी, झिया अशी कुणी असेल तर तेही बाद. अशा घरात ‘अ‍ॅलेक्सा’च तुलनेने सुरक्षित ठरते, फक्त अलका, आलेखा किंवा अक्षया नावाचं कुणी नसावं.

गूगलच्या स्पीकरवर ‘हे गूगल’ आणि ‘ओके गूगल’ एवढंच चालतं. अ‍ॅपलकडे ‘हे सिरी’, आणि २०२३ पासून नव्या उपकरणांवर नुसतं ‘सिरी’ही. घरात श्री, शिरीष किंवा श्रीया असेल तर हा छोटा पर्याय बंद करून ‘हे सिरी’वरच राहा.

खऱ्या अर्थाने आपलं नाव ठेवायचं असेल तर होम असिस्टंटसारखी, घरातली यंत्रं आपल्याच संगणकावरून चालवणारी मुक्त प्रणाली लागते. हाक ओळखायला तिला वर सांगितलेली ओपनवेकवर्ड जोडता येते. तिच्यात ‘ओके नाबू’, ‘हे जार्विस’, ‘हे मायक्रॉफ्ट’ ही नावं तयार मिळतात आणि स्वतःचं नावही शिकवता येतं. इथून पुढचं मुख्यतः त्यासाठी आहे. यादीतून निवडणाऱ्यांनाही हाकांची वही आणि कानाची परीक्षा या दोन पायऱ्या तशाच लागू पडतात.

हाकांची वही

एक वही घ्या आणि दोन दिवस घरात ज्या हाका खरोखर ऐकू येतात त्या लिहून काढा. शिधापत्रिकेवरची नावं इथे कामाची नाहीत. कागदावर ऋतुजा असलेली मुलगी घरात ऋतू असते, भावासाठी ऋत्या असते आणि आजीसाठी बाळ. नवऱ्याला नावाने हाक न मारणाऱ्या घरात ‘अहो’ हीच सगळ्यांत जास्त वेळा येणारी हाक असते. आई, बाबा, ताई, दादा, काकू या हाका नावांइतक्याच महत्त्वाच्या आहेत. कुत्र्यामांजराचं नाव, कामाला येणाऱ्या मावशी, शेजारच्या दारातून रोज ऐकू येणारं मूल, आठवड्यातून दोनदा फोनवर ज्यांच्याविषयी बोललं जातं ते नातेवाईक, सगळे वहीत आले पाहिजेत. घरात रोज आरती होत असेल तर तिच्यातले वारंवार येणारे शब्दही लिहा.

हाक मोठ्याने मारली की तिचं रूप बदलतं आणि नेमकं तेच लिहायचं असतं. आपण दुसऱ्या खोलीतून हाक मारताना शेवटचा स्वर ताणतो: ‘ईराऽऽ’, ‘ताईऽऽ’, ‘अदूऽऽ’. सुरुवातीचं अक्षर भांड्यांच्या आवाजात बुडतं आणि शेवटचा लांब स्वर तेवढा भिंतीपलीकडे पोहोचतो. म्हणून नाव निवडताना बहुतेक लोक पहिल्या अक्षराकडे बघतात, पण घरातला गोंधळ खरा शेवटच्या अक्षराने होतो. घरातल्या हाका एकाखाली एक लिहिल्यात की दिसेल, त्यांतल्या बहुतेक आ, ई, ऊ किंवा ‘या’वर संपतात. यंत्राचं नाव यांपैकी कशावरही संपू नये. ते बंद व्यंजनावर संपलं तर हाकांच्या गर्दीतून लगेच वेगळं पडतं. त्यातही ‘ट’ किंवा ‘क’ उत्तम, कारण शेवटी त, न, र, ल असलेली मुलांची नावं घरोघरी आहेत.

‘हे’ नको, ‘ओके’ चालेल

यंत्राच्या नावाआधी एक छोटा शब्द जोडण्याची पद्धत आहे. लोक सहज बोलताना तो शब्द नावापुढे लावत नाहीत, म्हणून नाव वेगळं पडतं असा त्यामागचा विचार. इंग्रजीत ‘हे’ हा हाक मारण्याचाच शब्द आहे. मराठीत मात्र ‘हे’ आपण प्रत्येक दुसऱ्या वाक्यात वापरतो: हे घे, हे बघ, हे कुणाचं, हे झालं का. नाव ‘मिनी’ ठेवलंत तर ‘हे मी नीट ठेवलं होतं’ या वाक्यात आख्खी हाक तयार. शिवाय ‘हे’ आदराने नवऱ्याविषयी बोलतानाही येतं. मराठी घरात या शब्दाने काहीच राखण होत नाही, उलट दार अर्धं उघडंच राहतं.

‘ओके’ फोनवर बोलताना येतो हे खरं, पण तो बहुधा वाक्याच्या शेवटी किंवा एकटाच येतो, त्याच्यामागे लगेच दुसरा शब्द चिकटत नाही. दोन ठोके जास्तीचे मिळतात, आणि नाव छोटं ठेवूनही पूर्ण हाक चार ठोक्यांची होते. नुसतं दोन ठोक्यांचं नाव कितीही गोड वाटलं तरी घेऊ नका. यंत्राला पारखायला पुरेसा आवाजच त्यात नसतो. साधारण सहाहून कमी वेगवेगळे ध्वनी असलेल्या हाका भरवशाच्या नसतात.

कोणते ध्वनी टाळायचे

मुक्त प्रणालीत नवं नाव शिकवण्यासाठी तुमचा आवाज हजार वेळा ध्वनिमुद्रित करावा लागत नाही. संगणकच वेगवेगळ्या कृत्रिम आवाजांत ते नाव हजारो वेळा म्हणतो आणि त्यावर प्रणाली शिकते. अडचण अशी की नेहमीच्या पद्धतीत हे कृत्रिम आवाज इंग्रजी बोलणारे असतात. त्यांना ळ आणि ण येत नाही. ख, घ, ध, भ नीट येत नाहीत. आपला दाती त आणि द ते ट-डकडे झुकवून म्हणतात, आणि ‘चमचा’तला च तर त्यांच्याकडे नाहीच. ‘पिंगळा’ हे सुंदर नाव आहे, पण यंत्र ‘पिंगला’ शिकेल आणि आजी ‘पिंगळा’ म्हणतील. तुमचं म्हणणं आणि यंत्राचं शिकणं यांत पहिल्या दिवसापासून अंतर राहील.

म्हणून दोन्हीकडे सारखे उच्चारले जाणारे ध्वनी निवडा: क, ग, ट, ड, प, ब, म, न, ल, स आणि साधे स्वर. ‘ह’ नावाच्या मध्यभागी नको, कारण घाईत आपणच तो गिळतो. घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर ‘र’ही टाळलेला बरा.

एक घर घेऊन बघू

समजा घरात आजी आहेत, बाबा मकरंद, आई स्मिता, मुलगी ईरा, मुलगा अद्वैत म्हणजे अदू, आणि शिकायला राहिलेला भाचा विपुल. कुत्रा ब्रूनो. सगळ्यांनी मिळून चार नावं सुचवली: गुलकंद, बिगुल, गुलमोहर आणि लिमलेट. चारही प्रेमळ आहेत, चारही कुणा माणसाची नावं नाहीत. प्रत्येकापुढे ‘ओके’ लावायचं ठरलं.

आता प्रत्येक नावाचे फक्त स्वर लिहायचे आणि वहीतल्या हाकांच्या स्वरांशेजारी ठेवायचे. ‘बिगुल’चे स्वर इ-उ. ‘विपुल’चेही इ-उ, आणि दोन्हींचा शेवट ‘ल’. ब आणि व ओठांवरचेच ध्वनी, लांबून एकसारखे. विपुल दिवसातून वीसदा हाकारला जाणार, म्हणजे बिगुल बाद. अतुल, राहुल, नकुल असलेल्या घरांनाही हाच निकाल लागू.

‘गुलकंद’चे स्वर उ-अ, ‘मकरंद’चे अ-अ. स्वर पूर्ण जुळत नाहीत, म्हणून मन त्याच्याकडे ओढ घेतं. पण दोन्ही नावं मोठ्याने, ताणून म्हणा: ‘गुलकंऽद’, ‘मकरंऽद’. शेवटचा ठोका जवळजवळ एकच. आजी गॅलरीतून मुलाला हाक मारतात तेव्हा त्या शेवटच्या ठोक्यापलीकडे फारसं काही ऐकूच जात नाही. मकरंद किंवा मुकुंद नसलेल्या घरासाठी गुलकंद चांगलं नाव आहे, या घरासाठी नाही.

‘गुलमोहर’ तीन ठोक्यांचं, लांब आणि वेगळं. पण सगळ्यांना ते भराभर म्हणायला सांगितलं की ‘गुलमोअर’ ऐकू येतं, आणि मुलं तर ‘गुलमोर’ म्हणून मोकळी होतात. एकाच घरात तीन उच्चार असले की यंत्र एकाचंच ऐकतं आणि दोघं चिडतात.

राहिलं ‘लिमलेट’. स्वर इ-ए, ‘ओके’सह ओ-ए-इ-ए. या घरातल्या एकाही हाकेची अशी चाल नाही. शेवट ‘ट’वर. ळ, ण, ख, घ काही नाही. आजींना लिमलेटच्या गोळ्या ठाऊक आहेत, त्यामुळे त्यांना शब्द शिकावा लागत नाही. धोका माणसांच्या नावांचा नाही, पदार्थांचा आहे: ऑम्लेट, चॉकलेट, टॅबलेट, टॉयलेट. विशेषतः ‘एक ऑम्लेट’ आणि ‘ओके लिमलेट’ हे स्वयंपाकघरात शेजारी शेजारी येतात. हे शब्द वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवा, प्रशिक्षणात लागतील.

यंत्राआधी माणसाच्या कानाची परीक्षा

प्रशिक्षणाला लागण्याआधी एक सोपी चाचणी. एकाने स्वयंपाकघरात उभं राहायचं, मिक्सर किंवा नळ चालू ठेवायचा, पाठ दाराकडे. दुसऱ्याने बाहेरच्या खोलीतून वहीतल्या हाका आणि नवं नाव उलटसुलट क्रमाने म्हणायचं. आतल्याने जे ऐकू आलं ते लिहायचं. मग दोन्ही कागद जुळवायचे. आपला कान अर्थाचा आधार घेतो तरी इथे चुकतो. यंत्राला तर तोही आधार नाही, त्यामुळे माणूस जिथे अडखळला तिथे यंत्र अडखळणारच असं धरून चाला. एकाच जागी दोनदा गल्लत झाली तर नाव सोडून द्या.

नाव शिकवणं

ओपनवेकवर्डची प्रशिक्षणाची तयार ‘नोटबुक’, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारा कोड, गूगल कोलॅब या सेवेवर उघडते. तिच्यात हाक इंग्रजी अक्षरांत, उच्चाराप्रमाणे लिहायची असते. अक्षरं तोडून लिहिली तर उच्चार सुधारतो:

```
target_word = "okay_lim_let"
```

पुढचं काही करण्याआधी नोटबुक जो नमुना ऐकवते तो लक्ष देऊन ऐका. ‘लाइमलेट’ ऐकू आलं तर स्पेलिंग बदला, `leem` करून बघा, आणि आपल्या उच्चाराच्या सर्वांत जवळ काय येतं ते ठरवा. इथली दहा मिनिटं पुढचे आठ दिवस वाचवतात. मग प्रशिक्षण सुरू करायचं, साधारण तासाभरात ते पूर्ण होतं.

सविस्तर प्रशिक्षण करणार असाल तर मांडणीच्या फाइलमध्ये ‘हे म्हणजे मी नव्हे’ असे शब्दही देता येतात. हाकांच्या वहीतलं आपलं वेगळं पान इथे कामाला येतं:

```yaml
target_phrase:
  - "okay lim let"
custom_negative_phrases:
  - "ake omlet"
  - "tablet"
  - "chocolate"
```

माणसांची नावं या यादीत टाकून गोंधळ मिटेल अशी आशा धरू नका. ‘विपुल’ला नकाराच्या यादीत घालून ‘बिगुल’ वाचवायला गेलात तर प्रणाली खऱ्या ‘बिगुल’लाही कचरायला लागते. नाव मुळातच दूरचं निवडणं हाच उपाय.

शेवटी मिळालेली `.tflite` फाइल होम असिस्टंटच्या `/share/openwakeword` या फोल्डरमध्ये ठेवायची, ओपनवेकवर्ड पुन्हा सुरू करायचं आणि `Settings` मधल्या `Voice assistants` मध्ये नवं नाव निवडायचं. एक मर्यादा आधीच सांगतो: हा मार्ग आवाज घरातल्या संगणकाकडे पाठवणाऱ्या यंत्रांसाठी आहे. जी छोटी यंत्रं हाक स्वतःच्याच चिपवर ओळखतात, उदाहरणार्थ होम असिस्टंटचं स्वतःचं व्हॉइस उपकरण, ती मायक्रोवेकवर्ड नावाची वेगळी प्रणाली वापरतात. तिच्यासाठी प्रशिक्षण वेगळं आणि फर्मवेअरही पुन्हा भरावं लागतं. नाव निवडण्याचे नियम मात्र तेच.

आठवडाभर मोजायचं काय

दोन गोष्टी मोजायच्या: हाक मारूनही न उठणं आणि कुणी न बोलावता उठणं.

पहिलीसाठी घरातल्या प्रत्येकाने वीस वेळा हाक मारायची. पाच वेळा हाताच्या अंतरावरून, पाच वेळा खोलीच्या दुसऱ्या टोकाहून, पाच वेळा पंखा आणि टीव्ही चालू असताना, पाच वेळा चालता चालता, यंत्राकडे न बघता. वीसात एखादी चुकली तर ठीक. ओपनवेकवर्डने स्वतःपुढे ठेवलेलं लक्ष्यही तेवढंच, शंभरात पाचहून कमी चुका. आकड्यापेक्षा त्या कुणाच्या आहेत ते बघा. एकट्या आजींच्याच सात हाका वाया गेल्या असतील तर उंबरठा खाली आणून उपयोग नाही. त्यांचा उच्चार शिकवलेल्या उच्चारापेक्षा वेगळा आहे, आणि स्पेलिंग बदलून पुन्हा शिकवावं लागेल.

दुसरीसाठी यंत्राशेजारी कागद ठेवा. यंत्र उगाच उठलं की वेळ आणि त्या क्षणी काय बोललं गेलं ते लिहायचं. या प्रणालीचं लक्ष्य तासाला सरासरी अर्ध्याहून कमी वेळा चुकून उठणं हे आहे. ते ऐकायला छान वाटतं, पण बोलत्या घरात त्या हिशेबाने दिवसभरात सहा-सात वेळा यंत्र मध्येच तोंड घालेल. घरासाठी मी दिवसाला एक ही मर्यादा मानतो.

आठवड्याने कागद वाचा. चुका टीव्हीच्या वेळेत विखुरलेल्या असतील आणि त्यांत सारखा शब्द दिसत नसेल, तर ओपनवेकवर्डच्या सेटिंगमधला `threshold` ०.५ वरून ०.६ करा आणि पुन्हा बघा. यंत्र टीव्हीपासून दोन-तीन मीटर दूर नेल्यानेही बराच फरक पडतो. पण चुका एकाच हाकेभोवती गोळा झाल्या असतील, दर वेळी कुणी ईराला बोलावलं की यंत्र उठत असेल, तर उंबरठा वाढवत बसू नका. तो जितका वर न्याल तितक्या तुमच्या खऱ्या हाकाही वाया जातील. तिथे नावच बदलायला हवं.

माणसाच्या नावाविषयी

कुटुंबाबाहेरचं म्हणून एखादं माणसाचंच नाव यंत्राला देण्याचा मोह होतो. मी ते कुणालाही सुचवणार नाही. अमेरिकेत २०१५ नंतर मुलींचं अ‍ॅलेक्सा नाव ठेवणं झपाट्याने कमी झालं, आणि ब्रिटनमध्ये त्या नावाच्या मुलींना शाळेत हुकूम सोडून चिडवल्याच्या तक्रारी २०२१ मध्ये त्यांच्या पालकांनी मांडल्या. उद्या तुमच्या घरी त्याच नावाची मैत्रीण, सून किंवा मुलाचा वर्गमित्र येईल आणि त्याच्यासमोर कुणीतरी यंत्राला ‘गप्प बस’ म्हणेल. फळ, फूल, खाऊ, वाद्य यांच्या नावांत पुरेसा गोडवा आहे.

घरात नवं बाळ येणार असेल तर बारशाआधी वही पुन्हा उघडा आणि ठरलेल्या नावाबरोबर त्याची लाडाची दोन-तीन रूपंही लिहा. भिडत असतील तर यंत्राचं नवं नाव तेव्हाच शिकवून घ्या, फाइल त्याच फोल्डरमध्ये जुन्या फाइलशेजारी राहते. एका खोलीतल्या यंत्राला नवं नाव आणि दुसऱ्या खोलीतल्या यंत्राला जुनं असं पंधरा दिवस चालवलं, की आजींच्या तोंडात ते बसतं, आणि मग जुनी फाइल काढून टाकता येते.